दुपारी दोन ते साडेचार : ऐरोलीतल्या एका घराची उन्हाळी सुट्टी

पार्श्वभूमी

घर ऐरोलीचं. सिडकोची जुनी इमारत, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. घरात पाच माणसं. बाबा महाप्याला एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतात. आई ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, सकाळी आठच्या आत घर सोडते आणि साडेपाचपर्यंत परतते. थोरला पाचवी संपवून सहावीत निघालेला, धाकटी दुसरीतून तिसरीत. दोघं मराठी शाळेत, सेमी इंग्रजी. दिवसभर त्यांच्याजवळ आजी असते. तिचं वय अडुसष्ट, गुडघे दुखतात, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय आणि दुसऱ्याचा काढायचाय.

मी याच इमारतीत तळमजल्यावर राहते आणि बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते आहे. घरातल्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि दोन-चार तपशील बदलले आहेत.

सुट्टी २०२५ ची. निकाल १ मेला लागला, शाळा १६ जूनला उघडणार होत्या. मधले दिवस मोजून पंचेचाळीस.

अडचण

पाच मेच्या सोमवारी आईला ड्यूटीवर असताना घरून तेरा फोन आले. हा आकडा तिने मला मोबाइल उघडून दाखवला. "दादा रिमोट देत नाही", "हिने माझी पट्टी मोडली", "आजी झोपलीय, मी मॅगी करू का?" असे सगळे फोन. लॅबमधले साहेब काही बोलले नव्हते, पण बघत होते, असं ती म्हणाली.

आजीची तक्रार वेगळी होती. मोबाइल तिने तांदळाच्या डब्यात लपवला, तो पोरांनी दहा मिनिटांत शोधला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चेंडू आपटण्याबद्दल दोनदा बेल वाजवली होती. आणि थोरला दिवसाला चार-पाच तास स्क्रीनसमोर असायचा, हे सगळ्यांनाच मान्य होतं. अपवाद फक्त थोरल्याचा.

अभ्यासाचं दुखणं निराळंच. धाकटी अजून अक्षरं सुटी करून वाचायची आणि जोडाक्षर आलं की थबकायची. थोरल्याला भागाकार पाठ होता, पण बाकी उरली की ती म्हणजे नेमकं काय, हे सांगता येत नव्हतं. अपूर्णांक तर त्याच्या लेखी एकावर एक ठेवलेले दोन आकडे.

मी आईला पहिलंच विचारलं की फोन कधी येतात ते बघ. तेरापैकी नऊ फोन दुपारी दोन ते साडेचारमधले निघाले. आजी त्या वेळात आडवी होते. बाहेर ऊन असतं, खालचं पटांगण ओस पडलेलं असतं आणि टीव्हीवर पाहण्यासारखं संपलेलं असतं. सकाळ आपसूक निघून जात होती आणि संध्याकाळी पोरं खाली खेळत होती. म्हणजे प्रश्न पंचेचाळीस दिवसांचा नव्हताच, रोजच्या अडीच तासांचा होता. हे आधी कळलं नसतं तर पुढचे सगळे निर्णय चुकले असते. एक तर चुकून झालाच होता, तो पुढे येईल.

पर्याय आणि त्यांचं वजन

पहिला पर्याय शिबिराचा. जवळच एक उन्हाळी शिबिर होतं, दहा दिवसांचं, सकाळी नऊ ते बारा, एका मुलाचे चार हजार दोनशे. दोघांचे आठ हजार चारशे. पैशांचा विचार बाजूला ठेवला तरी ते बाराला संपणार होतं. ज्या वेळाने घर हैराण होतं तो वेळ तसाच उरत होता. वर सोडायला-आणायला कोण जाणार, हाही प्रश्न होताच.

दुसरा पर्याय मामाच्या गावाचा. संगमेश्वर तालुक्यातलं घर, अंगण, आंबे, सगळं आहे. पण त्या वर्षी पावसाआधी घराचं छप्पर उतरवून नवं चढवायचं काम निघालं होतं. पोरांना नेमकं तिथेच नाचायला पाठवणं मामीला परवडणारं नव्हतं.

तिसरा पर्याय बाबांचा. सहावीच्या गणिताचा क्लास आताच लावून टाकावा. मी त्याला विरोध केला. पाचवीचा पाया कच्चा असताना सहावीचं पुस्तक उघडलं तर मूल पाठांतर वाढवतं, असं माझं मत होतं. मत अजूनही तेच आहे, फक्त त्या दिवशी ते मी जरा जास्तच ठासून सांगितलं.

चौथा पर्याय आईने मला विचारायच्या आधीच सुरू करून टाकला होता.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

आईने मोबाइलवरून '४५ दिवस ४५ उपक्रम' असा एक तक्ता उतरवून फ्रिजवर लावला होता. पहिला दिवस कागदाची टोपली, दुसरा बोटांचे ठसे, तिसरा आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, चौथा ज्वालामुखी. ज्वालामुखीसाठी व्हिनेगर हवं होतं. ते घरात नव्हतं. आजीने लिंबू दिलं, फेस आला, पोरं दोन मिनिटं खूश झाली आणि ओटा पुसायला आजीला वाकावं लागलं. पाचव्या दिवशी तक्त्याकडे कोणी पाहिलं नाही.

खरं तर अशाच छापाचे तक्ते मी स्वतः कितीतरी वर्षं एप्रिलच्या पालकसभेत वाटलेत. त्यांचं पुढे काय होतं, हे इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. या घरात चार दिवसांत दिसलं. रोज नवा उपक्रम म्हणजे रोज नवं सामान, आणि रोज कोणीतरी मोठ्या माणसाने तो समजावून सांगायला हवा. तो समजावेपर्यंत पंधरा मिनिटं जातात, उपक्रम वीस मिनिटांत संपतो आणि उरलेले दोन तास पोरं पुन्हा मोकळी. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचं काहीच कामाला येत नाही. ज्या घरात दुपारी जागं मोठं माणूसच नाही, तिथे हे चालणार कसं?

सहा मेच्या रात्री आई खाली आली आणि म्हणाली, "ताई, मला स्वस्तातलं सांगा आणि आईंना उठायला लागू नये असं सांगा." दुसरी अट ऐकली आणि मला खरा धागा मिळाला.

दुसरी मांडणी

आम्ही तक्ता काढून टाकला आणि फक्त तीन कामं घेतली. तिन्ही रोज तीच, पण रोज थोडी पुढे सरकणारी. आज केलेल्याशिवाय उद्याचं कळणार नाही, अशी. दुपारसाठी एक खोका केला, आणि मोबाइलला दिवसात एक जागा नेमून दिली.

*सावलीची वही.* हे थोरल्याचं काम. फरशी पुसायच्या मॉपचा जुना दांडा बरोबर एक मीटरवर कापला आणि रंगाच्या रिकाम्या बादलीत वाळू भरून उभा केला. दोऱ्याला नट बांधून तो सरळ आहे का, हे दोन बाजूंनी पाहिलं. जागा इमारतीच्या पटांगणात, पंपरूमपासून जरा अलीकडे.

आठ मेला पहिली नोंद. थोरल्याची खात्री होती की सावली सर्वांत आखूड बाराच्या ठोक्याला असणार. बाराला मोजली तर वीतभराच्या जवळपास आली. मी म्हटलं, मोजत राहा. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी त्याने सावलीच्या टोकाशी खडूने फुली मारली. फुल्या दांड्याच्या जवळ येत गेल्या आणि साधारण बारा पस्तीसनंतर पुन्हा लांब जायला लागल्या. सर्वांत जवळची फुली चार सेंटिमीटरला थोडी कमी होती आणि ती पंपरूमच्या बाजूला, म्हणजे उत्तरेला होती.

"घड्याळ चुकलंय का, काकू?" हा त्याचा प्रश्न. घड्याळ चुकलेलं नाही, ते आपल्या गावचं नाही, एवढंच. भारताची वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरून ठरते आणि आपण साधारण त्र्याहत्तरवर राहतो. दर अंशामागे सूर्याला चार मिनिटं लागतात. हा हिशेब त्याने वहीत केला. साडेनऊ गुणिले चार, अडतीस मिनिटं. मग बारा अडतीस यायला हवे होते. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या तीन-चार मिनिटं पुढे असतो, तेवढा फरक मी सांगितला. बाकी त्याचं त्याने जुळवलं. आडवी बेरीज लिहायचा कंटाळा करणाऱ्या पोराने साडेनऊचा गुणाकार न सांगता केला, हे मी मुद्दाम टिपून ठेवलं.

पुढे दर दिवशी बारा पस्तीसला एकच माप. दहा तारखेला पावणेतीन सेंटिमीटर, बाराला दोनच्या आत. आमच्या भागात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, त्यातला पहिला दिवस १६ मेच्या आसपास असतो. त्या दिवशी ऊन ढगांतून येत-जात होतं. एक चांगलं ऊन मिळालं तेव्हा दांड्याची सावली दांड्याखालीच होती. थोरला बादलीभोवती फिरून ती शोधत होता. वॉचमनही बघायला आला.

इथे दोन गोष्टी सांगून ठेवते. दुपारच्या साडेबाराला मुलाला उन्हात ठेवायचं ते पाच-सात मिनिटंच, टोपी आणि चप्पल घालून. सूर्याकडे बघायचं नाही, नजर जमिनीवर. आणि बादली हलू द्यायची नाही. चौथ्या दिवशी गाडी धुताना कोणीतरी ती सरकवली आणि आधीच्या फुल्या निरुपयोगी झाल्या. मग बादलीच्या बुडाभोवती ऑइलपेंटने गोल काढला. सेक्रेटरींनी खडूच्या रेघांवरून कुरकूर केली होती. पेंटचा गोल त्यांना दिसला नाही, किंवा दिसूनही ते बोलले नाहीत.

*बटाट्याचा कीस.* हे आजीचं काम, पोरं हाताखाली. दोन किलो बटाटे अर्धवट उकडून, सोलून, तुरटीच्या पाण्यातून काढून किसले. किसलेला ऐवज माझ्या वजनकाट्यावर ठेवला, १७८० ग्रॅम भरला. गच्चीवर धुतलेल्या धोतरावर पसरला आणि कावळ्यांवर नजर ठेवायचं काम धाकटीकडे दिलं. रोज संध्याकाळी सगळा कीस गोळा करून पुन्हा वजन.

पहिल्या संध्याकाळी ९१० ग्रॅम, दुसऱ्या ५४०. तिसऱ्या दिवशी आभाळ आलं आणि वजन ५०० वर अडलं. थोरल्याने काटा बिघडलाय म्हणून त्यावर साखरेची पिशवी ठेवून बघितली. काटा बरोबर होता, हवा दमट होती. आजीने तो दिवस पंख्याखाली काढला, कारण ओला कीस रात्रभर ढिगाने राहिला की काळा पडतो आणि त्याला वास येतो. मग ४१०, ३९५ आणि पुन्हा ३९५. दोन दिवस लागोपाठ तेच वजन आलं की वाळला. आजीची खूण वेगळी होती, मुठीत दाबला की कुरकुर आवाज. दोन्ही खुणा एकाच दिवशी जुळल्या.

अपूर्णांक इथे शिरला. "१७८० तल्या ३९५ म्हणजे किती भाग?" थोरला भागाकार करायला बसला, साडेचार वेळा आलं आणि बाकी उरली. मी म्हटलं, बाकी सोडून दे, नऊ वाट्यांपैकी किती वाट्या उरल्या असं सांग. त्याने नऊ वाट्या खरोखरच ओट्यावर मांडल्या. दोन उरल्या. सात वाट्या पाणी गच्चीवरून कुठे गेलं, यावर आजी आणि तो अर्धा तास बोलत होते, मी मध्ये पडले नाही.

*आजीला वाचून दाखवणं.* हे धाकटीचं. आणि या तिन्हींत सर्वांत जास्त फळ याचंच आलं, जे मला अपेक्षित नव्हतं.

आजीला खरोखरच बारीक अक्षर दिसत नव्हतं. 'आजीला वाचून दाखव' हे एरवी मुलांना ओळखू येणारं सोंग असतं, इथे ती गरज होती. सुरुवात वर्तमानपत्राच्या मथळ्यांनी केली, त्यात धाकटी दमली. मग आजीनेच राशिभविष्य वाचायला सांगितलं. बारा राशी, प्रत्येकी दोन-तीन ओळी, आणि रोज तेच शब्द फिरून फिरून. आर्थिक, व्यवहार, प्रवास, स्वास्थ्य, प्रयत्न, मित्र, कार्य, संध्याकाळी. सगळी जोडाक्षरं. पाठ्यपुस्तकात 'स्वास्थ्य' वर्षातून एखाद वेळा भेटतं, इथे ते आठवड्यात चार वेळा भेटलं. पहिल्या दिवशी ती 'स् वा स् थ् य' करत बसली, दहाव्या दिवशी तिने तो शब्द न थांबता ओलांडला आणि तिला ते कळलंही नाही.

भविष्यावर माझा विश्वास नाही आणि आजीचाही फारसा नसावा. "आज मला धनलाभ आहे म्हणे, पेन्शन तर पुढच्या महिन्यात," असं म्हणून ती हसायची. पण वृश्चिक राशीला 'वाद टाळा' आलं की धाकटी ते दादाला दोनदा वाचून दाखवायची.

नंतर रद्दीवाल्याकडून जुनी मुलांची मासिकं दीड किलो आणली. बालभारतीच्या 'किशोर'चे काही अंक त्यात निघाले. एका वेळी एकच गोष्ट वाचायची आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा. पुन्हा वाचताना वेग येतो, वेग आला की अर्थाकडे लक्ष जातं. आजीला एकच गोष्ट दोनदा ऐकायला हरकत नव्हती, कारण पहिल्यांदा ती निम्म्यात डुलकी घेत असे.

दुपारचा खोका

आता ते अडीच तास. चपलांच्या खोक्यात पत्त्यांचा कॅट, ती मासिकं, एक वही, कात्री, शिंप्याची टेप. खोका दोनला उघडायचा, चारला बंद. आजीला उठवायचं नाही, आईला फोन करायचा तो रक्त आलं किंवा धूर आला तरच. हे शब्द आईचे.

पहिले दोन दिवस पोरांनी खोक्याकडे बघून "यात काय आहे?" म्हटलं आणि जमिनीवर लोळली. आई कासावीस झाली. मी म्हटलं, लोळू दे. हा निर्णय कठीण होता, कारण त्या दोन दिवसांत फोन कमी झाले नव्हते. पण तिथे आपण काहीतरी नवं पुरवलं असतं तर पुन्हा तक्त्यावरच आलो असतो. तिसऱ्या दिवशी पत्ते निघाले.

आधी भिकार-सावकार, कारण त्यात धाकटीला डोकं लागत नाही. मग थोरल्याला कंटाळा आला आणि त्याने तिला सात-आठ शिकवायला घेतलं. दोघांचाच डाव, तीस पत्ते, एकाने आठ हात करायचे, दुसऱ्याने सात. हुकूम काय बोलायचा, ओढलेले हात पुढच्या डावात कसे फेडायचे, हे आठ वर्षांच्या मुलीला समजायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत थोरला तिच्यावर ओरडला, तिने दोनदा पत्ते उधळले, आणि तरी दुपार संपली. वहीच्या मागच्या पानावर कोणाचे किती हात चढले, याचा हिशेब महिनाभर चालला. पुढे एकदा तिने त्याच्यावर पाच हात चढवले, तेव्हा त्या पानाचा तिने फोटो काढून घेतला, आजीच्या मोबाइलवर.

मोबाइलवरून बाबांचं आणि माझं जुळत नव्हतं. त्यांना तो पूर्ण बंद हवा होता. मी म्हटलं, ठेवा, पण वेळ बांधून द्या. सुरुवातीला आम्ही सकाळी नऊला अर्धा तास दिला, म्हणजे एकदा झालं की सुटका. उलटं झालं. सकाळी चव लागली की दिवसभर तोच विषय आणि बाकी सगळं फिकं. चार दिवसांनी तो चारवर नेला, खोका बंद झाल्यावर पाऊण तास, कुकरचं टायमर लावून. चार पंचेचाळीसला खाली मित्र जमायला लागतात, त्यामुळे बंद करताना भांडण निम्मं झालं. निम्मंच, पूर्ण थांबलं नाही.

पाऊस

मान्सून मुंबईत साधारण ११ जूनला येतो. त्या वर्षी तो २६ मेला आला. गच्ची गेली, ऊन गेलं, संध्याकाळचं पटांगण गेलं. सावलीची वही तीन दिवस कोरी राहिली आणि थोरला पुन्हा टीव्हीसमोर दिसला.

सुचलेला उपाय साधाच होता. दोन लिटरची बाटली वरून कापली, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवला, बाहेरून पट्टी चिकटवली. बाटलीचं बूड खोलगट असतं, म्हणून बूड झाकेल एवढं पाणी आधीच भरून तिथे शून्य धरला. हे केलं नाही तर पहिले काही मिलिमीटर खोटे येतात. गच्चीच्या मध्यभागी, पाण्याच्या टाकीपासून दूर, विटांच्या आधाराने ठेवली. रोज सकाळी साडेआठला माप घेऊन बाटली पुन्हा शून्यावर आणायची. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातला कुलाबा आणि सांताक्रूझचा आकडा शेजारी लिहायचा. तिन्ही कधी जुळले नाहीत. का जुळत नाहीत, यावर थोरल्याने तीन कारणं लिहिली, त्यातलं एक होतं, 'कबुतर'.

जूनच्या सुरुवातीला पाऊस जरा थांबला. चार तारखेला ऊन पडलं, थोरला धावत खाली गेला आणि लगेच परत आला. सावली होती, साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, पण पंपरूमच्या बाजूला नव्हे, गेटच्या बाजूला. सूर्य डोक्यावरून पलीकडे, उत्तरेला गेला होता. मी हे आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं नाही याचा मला अजून आनंद आहे.

काय साधलं, काय नाही

आईच्या मोबाइलवरचा हिशेब असा. पहिल्या आठवड्यात दिवसाला दहा-तेरा फोन, खोका सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात सहा-सात, तिसऱ्यापासून दोन-तीन. पाऊस आला त्या आठवड्यात पुन्हा आठ. खर्च एकूण ३५५ रुपये. त्यात दोन वह्या ९०, मासिकं ६०, बटाटे ६०, दोरीउड्यांची दोरी ६०, पत्ते ४०, टेप २५, खडू २०. बाटली, बादली, दांडा घरातलेच.

धाकटीचं वाचन मी दर शनिवारी मोजत होते. एकच उतारा, एक मिनिट, बरोबर वाचलेले शब्द. पहिल्या शनिवारी ३४, शेवटच्या शनिवारी ४५. पण एकच उतारा पुन्हापुन्हा वाचला की तो पाठ होतो, म्हणून १४ जूनला तिने कधीच न पाहिलेला, तेवढ्याच अवघडपणाचा उतारा दिला. त्यात ४१ आले. म्हणजे खरी वाढ सातची धरावी, अकराची नाही. पाच आठवड्यांत आणि तीही सुट्टीत, जेव्हा वाचन सहसा मागे जातं, तेव्हा सात पुष्कळ आहेत.

थोरल्याचं सांगणं अवघड आहे. भाग, वाटे, बाकी यावर तो आता बोलतो. कागदावर अपूर्णांकांची बेरीज दिली तर अजून खालचे आकडे खालच्यात मिळवतो. त्याचं अक्षर होतं तिथेच आहे. रविवारी बाबा घरी असताना यातलं काहीच चाललं नाही. त्या दिवशी सगळे उशिरा उठत आणि दुपारी टीव्ही असे.

कीस १० जूनला वटपौर्णिमेच्या उपासाला तळला. ३९५ ग्रॅममधला किती उरलाय, हे धाकटीने काट्यावर बघितलं. तळण्याआधीच साठ ग्रॅम कमी होता. चोर सापडला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत आधी दिवसाचा वेळ मांडेन आणि मग उपक्रम शोधेन. कोणत्या तासाला मोठं माणूस जागं आहे, कोणत्या तासाला नाही. या घरात आम्ही हे चार दिवस वाया गेल्यावर केलं, आणि तेही फोनची यादी हातात होती म्हणून.

कीस एकदाच केला, ही चूक झाली. दुसऱ्यांदा वेगळी वस्तू, समजा गाजर किंवा कैरीच्या फोडी, वाळवली असती तर थोरल्याला 'किती भाग उरला' हे तुलनेने बघता आलं असतं. एका उदाहरणावरून त्याला गंमत वाटली, नियम कळला नाही. कागदावरच्या बेरजेत ते दिसलंच. पाऊस दोन आठवडे आधी येणार, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं, हा बचाव आहे, पण मेच्या पहिल्या पंधरवड्यात दोन वाळवणं सहज बसली असती.

थोरल्याला रोज दहा मिनिटं लेखी गणित द्यायला हवं होतं. बाबांच्या क्लासला मी नको म्हटलं, त्या बदल्यात काही दिलं नाही. ते माझ्याकडून राहिलं.

जूनचा पहिला आठवडा मुलं कंटाळली होती. वहीतल्या नोंदी एका शब्दाच्या झाल्या होत्या, राशिभविष्य धाकटी अंदाजाने म्हणत होती, कारण आता तिला ते न बघताच येत होतं. त्या आठवड्यात सगळं बंद ठेवून मावशीकडे डोंबिवलीला चार दिवस पाठवणं बरं झालं असतं. आईने ते सुचवलंही होतं. नोंदी तुटतील म्हणून मी अडवलं. नोंदी माझ्यासाठी महत्त्वाच्या झाल्या होत्या, मुलांसाठी नव्हे.

आणि आजीला विचारून घ्यायचं. तिच्या दोन मालिका आणि एक झोप, एवढं सोडून तिने काय करायचं, हे आम्ही ठरवलं. कीस तिने स्वतः सुचवला होता, राशिभविष्यही तिनेच. आमच्या डोक्यातून आलेलं, पोरांना रोज संध्याकाळी श्लोक शिकवण्याचं काम, तिने दोन दिवसांत गुंडाळून ठेवलं.

सावलीची बादली जुलैपर्यंत पंपरूमपाशीच होती. सूर्य परतताना पुन्हा एकदा डोक्यावरून जातो, तो दिवस २७ जुलैच्या आसपास, हे थोरल्याने कुठूनतरी शोधून काढलं होतं. त्या वर्षी तो रविवार होता. बारा पस्तीसला तो छत्री घेऊन खाली उभा होता. वहीत त्या दिवशीची नोंद आहे : 'सावली नव्हती. ऊनही नव्हतं.'